आठवणीतून सांगायची कथा लिहिण्यापूर्वी: काळाची तयारी

घडून गेलेले प्रसंग सांगता सांगता मध्येच आजच्या नजरेने त्यांच्याकडे पाहणारी कथा लिहायची असेल, तर पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी निवेदकाचे 'आज' ठरवावे. कथेतली घटना केव्हा घडली हे बहुतेकांनी ठरवलेले असते, पण निवेदक ती कोणत्या दिवशी सांगत आहे, त्या वेळी त्याचे वय काय आहे, कथेतली कोणती माणसे तेव्हा हयात आहेत आणि घटनेच्या वेळी ठाऊक नसलेले काय त्याला आता ठाऊक आहे, हे कागदावर उतरवलेले नसते. चार ओळी पुरतात, पण त्या डोक्यात नव्हे, लिहिलेल्या असाव्यात. हे 'आज' कथाभर स्थिर राहणार की दैनंदिनीप्रमाणे पुढे सरकत जाणार, हेही त्यातच नोंदवावे.

घटनांसाठी साधा भूतकाळ आणि चिंतनासाठी वर्तमानकाळ ही सरळ वाटणी आहे. तिच्यावर वेळ घालवू नये.

वेळ घालवायचा तो 'वाटते', 'आठवते', 'कळते', 'समजते' या क्रियापदांवर. 'मला वाटते' हे सांगणाऱ्याचे असते, 'मला वाटले' हे त्या क्षणी प्रसंगात उभ्या असलेल्या माणसाचे असते, आणि प्रथमपुरुषी कथेत दोघांचे 'मला' एकच असल्यामुळे फरक फक्त क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांवर उभा असतो. 'वाटत होते' लिहिले की ती भावना प्रसंगभर चालू राहते, 'वाटले होते' लिहिले की ती पुढे खोटी ठरल्याची शंका वाचकाला येते. हे चारही पर्याय प्रत्येक ठिकाणी तपासावेत. सगळे तपासावेत, फक्त खटकतात तेवढे नव्हे, कारण आपल्याच मजकुरातले ते आपल्याला खटकत नाहीत.

पुढचा परिच्छेद पाहावा. निवेदिका प्रौढ आहे, घटना तिच्या लहानपणची आहे.

'दादा घर सोडून गेला त्या दिवशी मी जिन्यात बसले होते. त्याने बॅग उचलली आणि काही न बोलता तो खाली उतरला. आता वाटते, त्याला थांबवायला हवे. तो फाटकापाशी पोचला आहे, वळून पाहतो आहे. काल आईशी झालेले भांडण त्याच्या चेहऱ्यावर दिसते. मग फाटक लागले आणि मी आत गेले.'

बिघाड तिसऱ्या वाक्यात सुरू होतो. 'आता वाटते' हे जिन्यातल्या मुलीचे की प्रौढ निवेदिकेचे, हे ठरत नाही. 'थांबवायला हवे' मुळे ते मुलीकडे झुकते, पण क्रियापद निवेदिकेचे आहे. एकदा हा वर्तमानकाळ आत शिरला की पुढची दोन वाक्ये त्याच्या ओघात वाहत जातात, दादा आजही फाटकापाशी उभा असल्यासारखा होतो, आणि 'काल' नेमका कोणत्या दिवसापासून मोजायचा हे कळेनासे होते. शेवटच्या वाक्यात भूतकाळ परत येतो तो कोणतेही कारण न देता. दुरुस्ती अशी करता येते:

'दादा घर सोडून गेला त्या दिवशी मी जिन्यात बसले होते. त्याने बॅग उचलली आणि काही न बोलता तो खाली उतरला. त्याला थांबवायला हवे होते, असे आज इतक्या वर्षांनी वाटते. तेव्हा मला फक्त भीती वाटली. फाटकापाशी पोचल्यावर त्याने वळून पाहिले. आदल्या रात्री आईशी झालेले भांडण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग फाटक लागले आणि मी आत गेले.'

येथे 'वाटते' आणि 'वाटली' लागोपाठच्या दोन वाक्यांत शेजारी आहेत, तरी गोंधळ होत नाही, कारण 'आज इतक्या वर्षांनी' आणि 'तेव्हा' या शब्दांनी प्रत्येकाचा मालक ठरला आहे. 'आता' हा शब्द मात्र चिंतनासाठी शक्यतो टाळावा, कारण तो प्रसंगातल्या क्षणालाही सहज चिकटतो.

यातूनच ऐतिहासिक वर्तमानकाळाचा प्रश्न येतो. 'तो फाटकापाशी पोचतो, वळून पाहतो' अशी शैली एरवी प्रभावी असते, आणि प्रसंग जवळ आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु चिंतन वर्तमानकाळात असलेल्या कथेत घटनाही वर्तमानकाळात सांगितली, तर दोन्हींना वेगळे ठेवणारी एकमेव खूण आपण स्वतःच पुसून टाकतो. वापरायचाच असेल तर एक संपूर्ण प्रसंग त्याला द्यावा, आधी आणि नंतर ओळ मोकळी सोडावी, आणि त्या प्रसंगात एकही 'आज वाटते' येऊ देऊ नये. अर्ध्या परिच्छेदापुरता तो कधीही वापरू नये.

मुख्य घटनेच्याही मागे जायचे असेल तर पूर्ण भूतकाळ लागतो: 'त्याने पत्र लिहिले होते.' मात्र प्रत्येक वाक्याला 'होते' जोडत गेल्यास मजकूर खडखडतो. पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होते' ठेवून मागच्या काळात शिरावे, मग साध्या भूतकाळात सांगावे, आणि परत येताना एखाद्या स्पष्ट शब्दाने दार लावून घ्यावे. 'लिहून', 'गेल्यावर', 'ठेवलेले' अशी रूपे क्रम दाखवण्याचे बरेचसे काम विनातक्रार करतात. नेहमीच्या गोष्टींसाठी 'येई', 'येत असे' आणि 'यायचा' यांपैकी निवेदकाच्या तोंडी शोभेल ते एकच रूप निवडावे.

आता एक इशारा, कारण येथे चूक झाली तर माणसे मरतात. 'आईला एकटे राहणे आवडत नसे' असे लिहिले की आई आता नाही, अशी वाचकाची समजूत होते. ती हयात असेल तर 'आवडत नाही' लिहावे लागते, मग भोवतीची सगळी वाक्ये भूतकाळात असली तरी चालेल. 'घराला मागे अंगण होते' या वाक्याने घर किंवा अंगण गेल्याचे सूचित होते. जे निवेदकाच्या 'आज'पर्यंत टिकून आहे त्याला 'आहे' द्यावे, आणि वाचकाला कोणाचा मृत्यू उशिरा कळायचा असेल तर तोपर्यंत त्या व्यक्तीविषयीची 'नसे' आणि 'होती' फार जपून वापरावीत. सुरुवातीला लिहिलेल्या चार ओळी येथे उपयोगी पडतात.

संवाद आणि 'तो म्हणाला की' यानंतरच्या वाक्यांतला काळ बदलू नये. 'मी उद्या येतो, असे तो म्हणाला' हे आपल्या भाषेत बरोबरच आहे आणि त्यातला 'उद्या' बोलणाऱ्याचा आहे. निवेदनातले 'काल', 'उद्या', 'इथे' मात्र 'आदल्या दिवशी', 'दुसऱ्या दिवशी', 'तिथे' असे करावेत.

मसुदा झाला की एकदा मोठ्याने वाचावा, दुसऱ्यांदा फक्त क्रियापदांखाली दोन रंगांनी रेघा ओढाव्यात, आणि जिथे रंग बदलतो तिथे कारण दाखवणारा शब्द आहे का ते पाहावे. नसेल तर घालावा. मग संगणकावर 'वाट', 'आठव', 'कळ' आणि 'समज' हे तुकडे शोधून सापडणारी प्रत्येक जागा निवेदकाची की पात्राची ते ठरवावे. ही फेरी टाळू नये, कथा आवडली असे चार जणांनी सांगितले असले तरीही टाळू नये.