ओपन-बुक परीक्षेसाठी नाटकाचा अंकवार सारांश कसा काढावा

पुस्तक समोरच असणार, म्हणजे गोष्ट आठवत बसायची नाही. उत्तरासाठी हवी ती जागा दोन मिनिटांत सापडायला हवी, त्यासाठी हा सारांश. इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) घेऊन करून पाहू. त्यातली मुख्य माणसं तीन: नोरा, तिचा नवरा हेल्मर आणि तिला कर्ज देणारा क्रोगस्टाड.

आधी अंकाचे तुकडे पाडा. या नाटकात तीन अंक आहेत, पण त्यांत वेगळे प्रवेश पाडलेले नाहीत. म्हणून कोणी आत आलं किंवा बाहेर गेलं की तिथे पेन्सिलीने रेघ मारा. प्रत्येक तुकड्याला पान क्रमांक आणि एक ओळ द्या: ‘नोरा–क्रोगस्टाड, सहीची तारीख’. एवढं पुरे.

मग प्रत्येक अंकासाठी दोन रकाने आखा, ‘घडलं’ आणि ‘कळलं’. बहुतेक मुलं चुकतात ती इथेच. पहिल्या अंकाचा सारांश ती ‘नवरा आजारी पडला, नोराने कर्ज काढून त्याला इटलीला नेलं’ असा सुरू करतात. पण ते सगळं पडदा उघडण्याच्या कितीतरी आधीचं आहे. रंगमंचावर घडतं ते वेगळंच: नाताळच्या आदल्या दिवशी नोरा खरेदी करून घरी येते, जुनी मैत्रीण मिसेस लिंड भेटायला येते, क्रोगस्टाड धमकी देतो. कर्जाची हकिगत ‘कळलं’मध्ये जाते. नोराचे वडील वारले २९ सप्टेंबरला आणि कागदावर त्यांच्या सहीपुढे तारीख २ ऑक्टोबर, म्हणजे सही नोराने केलेली, हेही तिथेच. कोण कोणासमोर बोलतंय ते लिहायला विसरू नका. मिसेस लिंडला पहिल्या अंकात कर्ज कळतं, खोट्या सहीचं मात्र दुसऱ्या अंकात.

अंकाच्या शेवटी एकच ओळ लिहा: आता कोणाला काय ठाऊक आहे? दुसऱ्या अंकाखाली ती अशी येईल: ‘सगळं उघड करणारं क्रोगस्टाडचं पत्र पेटीत, किल्ली नवऱ्याकडे, त्याला अजून पत्ता नाही.’ नोरा तो बेभान नाच का करते, याचं उत्तर या ओळीतच आहे. पेटी उघडण्यापासून त्याला अडवून धरायचंय.

तिसऱ्या अंकाला जागा जास्त द्या. तिथे घटना थोड्या आणि नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं लांबलचक, आणि माझ्या मते प्रश्नही त्यावरच जास्त निघतात. तेवढ्या बोलण्याचे विषयाप्रमाणे चार-पाच तुकडे पाडा. क्रोगस्टाडचं पहिलं पत्र वाचल्यानंतरचं हेल्मरचं वागणं आणि त्याच्या दुसऱ्या पत्रातून कर्जरोखा परत आल्यानंतरचं वागणं शेजारी-शेजारी लिहा, पान क्रमांकासकट.

पान क्रमांक तुमच्याच प्रतीचे हवेत. मैत्रिणीची आवृत्ती वेगळी असेल, तर तिचा तक्ता काही कामाचा नाही. पुस्तकात रेघा मारलेल्या आणि सोबत वेगळा कागद चालतो का, हे मात्र परीक्षेआधीच विचारून ठेवा.