एकच घटना, सगळ्या गावाच्या तोंडी

गेममधल्या गावात दहा पात्रं असली, तरी प्रत्येकाला बोलायला वेगळा विषय देऊ नका. नुकतीच घडलेली एक गोष्ट ठरवा आणि प्रत्येकाला ती आपापल्या सोयीने बोलू द्या. समजा, पूल वाहून गेलाय. लोहार म्हणतो, "खिळे माझे होते, लाकूड नव्हतं." नावाडी म्हणतो, "पूल? घाई काय आहे?" म्हातारी म्हणते, "पलीकडे लेक आहे माझी." पूल कसा पडला हे कुणीच सांगत नाही, तरी कुणाचं काय अडलंय आणि कुणाचं फावलंय हे खेळाडूला कळतं.

क्वेस्टचं, म्हणजे खेळाडूला दिलेल्या कामाचं, वर्णनही याच सुरात हवं. "पुलासाठी १० फळ्या गोळा करा" यात काम आहे, पण माणूस नाही. त्याऐवजी लिहा: "लोहाराला १० फळ्या हव्यात. या वेळी लाकूड तो स्वतः तपासणार आहे." आकडा आणि वस्तू मात्र पहिल्याच वाक्यात ठेवा, खेळाडू नंतर कामांची यादी उघडतो ती तेवढंच बघायला.

जाता-येता कानावर पडणारं वाक्य चार-सहा शब्दांचंच बरं, कारण खेळाडू तोवर पुढे गेलेला असतो. शिवाय ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. विनोद तिसऱ्यांदा ऐकताना नकोसा होतो, कुरकुर किंवा काळजी मात्र खपून जाते.

पूल उभा राहिल्यावरही जुनी वाक्यं तशीच राहिली, तर गाव लगेच निर्जीव वाटतं. सगळी बदलणं जमत नसेल तर आधी नावाड्याचं बदला, कारण नुकसान त्याचं झालंय: "होडी घेणार का कुणी?"