परदेशातल्या नातेवाईकांना दिवाळीचा मेसेज असा लिहा की तो फॉरवर्ड वाटणार नाही

दिवाळीच्या मेसेजबद्दल सगळे एकच सल्ला देतात, मनापासून लिहा. या सल्ल्याने काही होत नाही. मनापासून लिहायला बसलेला माणूसही दुसऱ्या मिनिटाला "ही दिवाळी आपणास सुखाची, समृद्धीची आणि आरोग्याची जावो" असंच लिहितो, आणि ते खरंच मनापासून असतं, पण न्यू जर्सीतल्या आत्याच्या फोनवर त्या दिवशी तसलेच मेसेज ढिगाने आलेले असतात आणि त्यातला तुमचा कुठला हे तिला वरचं नाव वाचूनच कळतं. भावना कमी पडलेली नसते, ते वाक्य कुणालाही चालेल असं असतं, एवढीच अडचण. मी दर दिवाळीला घरातर्फे हे मेसेज लिहितो, तर पद्धत सांगतो.

आधी यादी करा आणि ती छोटीच ठेवा, पाच-सहा घरं बास. बाकीच्यांना साधं "शुभ दीपावली" पाठवा, त्यात काहीही वाईट नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट मात्र या पाच-सहा घरांसाठी वापरायची नाही.

सुरुवात ज्या हाकेने करता तीच लिहा. फोनवर बेबीआत्या म्हणत असाल तर मेसेजमध्येही बेबीआत्या, "आदरणीय" वगैरे नको. आत्याला, मावशीला तू म्हणत असाल तर लिहितानाही तू. काकांना, जावईबापूंना तुम्ही म्हणता तर तुम्हीच. "आपणास व आपल्या परिवारास" आलं की वाचणाऱ्याला वाटतं हे बँकेकडून आलंय.

आता खरा अवघड भाग. मेसेजमध्ये एक वाक्य असं पाहिजे जे फक्त याच माणसाला पाठवता येईल. मीही इथेच खूप अडायचो, कारण हे वाक्य सुचत नाही, ते शोधावं लागतं. आणि फोन हातात घेऊन बसलं की नाही सापडत, घरात विचारत फिरलं की सापडतं. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

समजा न्यू जर्सीतल्या आत्याला लिहायचंय. पहिला मसुदा बहुतेकांचा असा होतो: "आत्या, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! तुमची खूप आठवण येते, तुम्ही नसलात की दिवाळी सुनी सुनी वाटते." हे पाठवू नका. मोकळेपणाने लिहिलेलं आहे, पण ती ऐन ऑफिसच्या दिवशी हे वाचणार, तिकडे दिवाळीची सुट्टी असेलच असं नाही, आणि वाचून तिला करता काहीच येणार नाही, फक्त वाईट वाटेल. सणाच्या दिवशी माणसाच्या हातात अपराधीपणा द्यायचा नसतो.

मग पुष्कळ जण सुधारणा करतात: "आत्या, तुझ्या हातच्या चकल्यांची खूप आठवण आली." हे जरा बरं आहे, पण महाराष्ट्रातला प्रत्येक भाचा प्रत्येक आत्याला हेच लिहितो. खाण्याची आठवण हे सुद्धा एक तयार वाक्यच झालंय, चकलीच्या जागी मावशीसाठी अनारसे टाकले की काम झालं. नाव आणि पदार्थ बदलून तेच वाक्य दुसरीकडे चालत असेल तर ते अजून कच्चं आहे असं समजा.

आता एक पायरी खाली उतरायचं. चकल्यांचं यंदा आपल्या घरात नेमकं काय झालं? आईला विचारलं तर ती सांगते की पहिला घाणा तेलातच विरघळला, भाजणीत मोहन जास्त पडलं होतं. आणि बोलता बोलता ती म्हणून जाते की वन्सं असत्या तर पीठ हातात घेऊनच ओळखलं असतं. हे तुमचं वाक्य. आता मेसेज असा होतो:

"आत्या, काल चकल्या केल्या. पहिला घाणा तेलातच विरघळला, मोहन जास्त झालं होतं. आई लगेच म्हणाली, वन्सं असत्या तर पीठ हातात घेऊनच सांगितलं असतं. मग आणखी भाजणी घालून परत मळलं, दुसऱ्या घाण्याला मस्त काटे आले. तुला, आतोबांना आणि मुलांना दिवाळीच्या खूप खूप शुभेच्छा. तिकडे भाजणी घरी करतेस की तयार मिळते?"

यात आठवण येते असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी ती स्वयंपाकघरात उभी आहे, आणि कामाची म्हणून आहे. दुसरं म्हणजे गोष्ट यंदाची आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वाड्यातल्या आठवणी तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, तिला जे माहीत नाही ते म्हणजे काल घरात काय झालं. जुनी आठवण घातली तरी ती आजच्या एखाद्या गोष्टीला टांगूनच घाला. आणि तिसरं, आईचं बोलणं जसंच्या तसं ठेवलंय. त्याचं "आईने तुझी आठवण काढली" असं करू नका, आठवण काढली ही बातमी झाली, वन्सं असत्या तर हे तिला आईच्या आवाजात ऐकू येतं. म्हणून दिवाळीच्या आधी आठ दिवस आई, आजी, काकू फराळ करताना कुणाबद्दल काय बोलतात तिकडे कान ठेवा आणि फोनमध्ये टिपून ठेवा, नंतर आठवत नाही.

ज्यांच्याबरोबर लहानपण गेलेलं नाही त्यांचं काय, म्हणजे चुलतभावाची बायको, तिकडेच वाढलेली? उगाच आठवण तयार करू नका, खोटी लगेच कळते. मागच्या फोनवर ती काय म्हणाली होती ते आठवा. मुलीची तबल्याची परीक्षा होती, नवीन घरात जायचं होतं, मंडळाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायचं होतं. त्याबद्दल एक ओळ पुरते. ऐकलेलं लक्षात ठेवलंय हे कळलं की झालं.

या भागात काही गोष्टी मी ठामपणे टाळायला सांगेन. "यंदा तरी येणार का?" हे सणाच्या मेसेजमध्ये विचारायचं नाही. तिकीट, रजा, मुलांची शाळा हे तर आहेच, पण व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलेलं असलं तर माणसाला इच्छा असून निघता येत नाही आणि ते प्रत्येकाला सांगत बसायची त्याची तयारी नसते. घरातल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची नवी बातमी या मेसेजमध्ये घालू नका, त्यासाठी फोन करा. आणि तिकडची हवा न बघता इकडची वर्णनं लिहू नका. मेलबर्नमध्ये आपल्या दिवाळीला वसंत ऋतू चालू असतो आणि सूर्य जवळजवळ आठला मावळतो, तिथल्या दादाला गुलाबी थंडीची चाहूल लिहिलीत की मेसेज कुठून तरी उचललाय हे त्याला तिथेच समजतं.

शुभेच्छेचं वाक्य एकच, साधं, आणि शेवटाकडे. ते सजवायचं नाही, ओळीभर पणत्यांचे इमोजी नकोत.

त्याखाली एक प्रश्न पाहिजे, असा की ज्याचं उत्तर चहा पिता पिता एका ओळीत देता येईल. "कसे आहात?" याला लोक मजेत म्हणतात आणि संपतं. भाजणी घरी करतेस का, किल्ला यंदा कुणी केला, मंडळाचा कार्यक्रम कुठल्या शनिवारी, असं विचारा.

फोटो पाठवायचा तर घरातला. नटूनथटून रांगेत उभं राहिलेला नको, ज्या गोष्टीबद्दल लिहिलंय तिचा. दादा लहानपणी किल्ले करायचा तर यंदाच्या किल्ल्याचा, त्यावर पेरलेले अळीव उगवलेत आणि एक मावळा बुरुजावरून आडवा पडलाय असा. लक्ष्मीचं चित्र आणि खाली सौजन्य म्हणून कुणाचं तरी नाव असलेली इमेज बरोबर जोडलीत तर वर केलेली मेहनत फुकट जाते.

वेळेचं थोडं बघावं लागतं. आपण पहाटे पाचला अभ्यंगस्नानाच्या आधी उत्साहात पाठवतो तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यानंतर आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचं अंतर, त्याआधी साडेनऊ. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे साडेदहा धरा, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला पाठवलं की आत्याला सकाळी सातला मिळेल. मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असतं, त्यामुळे दादाला दुपारी एकच्या सुमारास पाठवा, त्याला संध्याकाळी साडेसहाला मिळेल. "आज लक्ष्मीपूजन" असं तारखेवर बोट ठेवून लिहू नका. सणाचा दिवस त्या त्या ठिकाणच्या सूर्योदय-सूर्यास्ताला कुठली तिथी आहे त्यावर ठरतो, त्यामुळे तिकडचा दिवस वेगळा येऊ शकतो. २०२५ मध्ये आपल्या पंचांगात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि अमेरिकेत बहुतेकांनी २० लाच केलं.

त्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर वरचं सगळं बाजूला. शुभेच्छा नाहीत, फराळाचं वर्णन नाही, फोटो नाही. आपल्याकडे अशा घरी फराळ करत नाहीत, नातेवाईक नेऊन देतात, आणि तिकडे ते नेऊन द्यायला कुणी जवळ नसेल हे लक्षात घ्या. "काका, या दिवाळीला काकू नाहीत, आज सकाळी आम्ही सगळे त्यांच्याबद्दल बोलत होतो. संध्याकाळी तुमच्या सोयीने फोन करतो" एवढंच लिहा. आणि मग फोन करा, नक्की.

तिकडे जन्मलेल्या मुलांना देवनागरी वाचता येत नसेल तर त्यांना आईबाबांमार्फत निरोप देऊ नका, त्यांना वेगळी व्हॉइस नोट पाठवा, वीसेक सेकंदांची, सोप्या मराठीत, नावाने हाक मारून. त्यांना समजतं सगळं, बोलायचीच लाज वाटते, त्यामुळे उत्तर इंग्लिशमध्ये आलं तर मराठी सुधारायला जाऊ नका.

आणि उत्तर आलं की नुसता अंगठा नको. आत्याने लिहिलं की भाजणी तयारच आणते पण जरा जाड दळलेली असते, तर आईला वाचून दाखवा आणि आई काय म्हणाली ते त्याच दिवशी परत लिहून पाठवा.