लग्नपत्रिकेचं बॅकग्राउंड: फुलं हवीत, पण मुहूर्तही वाचता आला पाहिजे

मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी केली तेव्हा पहिला ड्राफ्ट घरच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात आत्याचा फोन, "अरे मुहूर्त १२ वाजून ३१ का ३९?" मी म्हटलं ३१, नीट लिहिलंय की. मग स्वतः मोबाईलवर उघडून पाहिलं तर मुहूर्ताची ओळ बरोब्बर आंब्याच्या पानांवर आली होती आणि मरून रंगातला १ का ९ हे खरंच कळत नव्हतं. फुलं छान दिसत होती, सगळ्यांनी हार्ट टाकले होते, पण पत्रिकेचं मुख्य कामच होत नव्हतं.

तर ती पत्रिका मी नंतर कशी सुधारली तेच इथे सांगतो. मी GIMP वापरतो, फुकट आहे आणि त्यात मराठी जोडाक्षरं नीट येतात, पण लेयर, ओपॅसिटी आणि ब्लेंड मोड असलेलं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल.

आधी मजकूर, मग फुलं

आपण सगळे उलटं करतो, आधी सुंदर बॅकग्राउंड आणि मग त्यात मजकूर कोंबायचा. इंग्रजी कार्डावर दोन नावं नि एक तारीख असते त्यामुळे तिथे ते खपून जातं. आपल्या पत्रिकेत श्री गणेशाय नमः पासून कुलदेवता, चि., चि. सौ. कां., दोन्हीकडचे आईवडील, आजोबा, मुहूर्त, स्थळ, आपले नम्र, आणि शेवटी "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी पिल्लं, असा वीसेक ओळींचा मजकूर असतो. त्यातली एकही ओळ काढायची कोणाची हिंमत नसते.

म्हणून ५ बाय ७ इंचाचं कार्ड धरलं तर ३०० रिझोल्यूशनला १५०० बाय २१०० पिक्सेल होतात, त्यात कटिंगसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा धरा, म्हणजे फाईल साधारण १५७० बाय २१७० ची घ्या. तिच्यावर सगळा मजकूर खऱ्या साइजमध्ये टाका, १० पॉइंटच्या खाली अजिबात जाऊ नका, आणि ओळींमध्ये अंतर जरा सढळ ठेवा कारण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. आता हा मजकूर जिथे बसतो त्याच्याभोवती ढोबळ चौकट आखा. फुलांना जागा उरली ती चौकटीबाहेरची. माझ्या पत्रिकेत वरचे दोन कोपरे आणि खालची जेमतेम दोन इंचाची पट्टी उरली, आणि खरं सांगायचं तर तेवढी पुरते.

सगळ्यात खाली: ग्रेडियंट

दोन जवळचे रंग घ्या. मी मध्यभागी #FBF3E4 हा क्रीम घेतला आणि कडेला #F6DFC4, म्हणजे हळदीचा हात लागल्यासारखा थोडा गडद. ग्रेडियंट गोल ठेवला, उजेड मध्ये आणि सावली कडेला, म्हणजे मजकुराखाली रंग जवळपास एकसारखा राहतो. वरून खाली पांढरा ते गडद गुलाबी असा ग्रेडियंट दिसायला भारी वाटतो, पण मग वरची नावं मस्त वाचता येतात आणि खालचा पत्ता बुडतो, आणि पत्ता वाचवण्यासाठी अक्षराचा रंग अर्ध्यातून बदलावा लागतो, तो उद्योग कशाला.

इतक्या हलक्या ग्रेडियंटमध्ये कधीकधी पट्टे दिसतात, पाण्याच्या डागाच्या कडेसारखे. ग्रेडियंट टूलमध्ये `Dithering` चालू ठेवा. उरलेले पट्टे पुढच्या लेयरमध्ये बरेचसे लपतात.

त्यावर टेक्स्चर

मी घरातल्या एका हातकागदाच्या पाकिटाचा फोटो काढला, सकाळी गॅलरीत, ऊन तिरकं येत असताना, कारण तिरक्या उजेडातच कागदाचे धागे उठून दिसतात. फोटो आधी ब्लॅक अँड व्हाइट करा, मग `Colors > Levels` मध्ये पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवत न्या, कागद जवळपास पांढरा होऊन फक्त धागेच राखाडी उरले की थांबा. हे केलं नाही तर पुढे सगळं बॅकग्राउंड मळकट होतं. मग लेयरचा मोड `Multiply` आणि ओपॅसिटी १५ ते २० टक्के. टेक्स्चर आहे की नाही असा प्रश्न पडला पाहिजे, एवढंच.

एक गोष्ट मला चुकूनच कळली. आधी मी सुती कापडाचं टेक्स्चर टाकलं होतं, आडव्या-उभ्या विणीचं. नावं ठीक होती, पण बारीक मजकूर बघताना डोळे शिणायचे आणि कारण सापडेना. मग झूम केल्यावर कळलं की विणीच्या आडव्या रेषा शिरोरेघेला समांतर आहेत, म्हणजे प्रत्येक ओळीला खरी एक आणि खोट्या चार शिरोरेघा. देवनागरीखाली आडव्या रेघांचं टेक्स्चर टाळाच. दिशा नसलेलं घ्या, हातकागद, भिंतीचा गिलावा असलं काहीतरी.

फुलं, दोन थरांत

नेटवरची फुलं सरसकट उचलू नका, एकतर ती कोणाच्या तरी मालकीची असतात आणि "ट्रान्स्परंट" म्हणून डाउनलोड केलेल्या फाईलमध्ये राखाडी चौकटी चक्क छापलेल्या निघतात. मंडईतून पावशेर झेंडू आणा, खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवून वरून फोटो काढा. मोगरा मात्र काळ्या किंवा गडद निळ्या कागदावर ठेवा, पांढऱ्यावर पांढरं कापताना पाकळ्या हरवतात. आंब्याची पानं तीनचार पुरतात. कापून झालं की सिलेक्शन १-२ पिक्सेलने आत घ्या, नाहीतर फुलाभोवती पांढरी किनार राहते आणि क्रीमवर ती लगेच चुगली करते.

आता थर. मागच्या थरात मोठी फुलं, थोडी ब्लर केलेली, ओपॅसिटी २५-३० टक्के. ही मजकुराच्या चौकटीत थोडी घुसली तरी चालतील. पुढच्या थरात नेहमीच्या साइजची, स्वच्छ फुलं, फक्त कोपऱ्यात आणि खालच्या पट्टीत. ह्या दोन थरांमुळेच खोली येते, फुलांची संख्या वाढवून येत नाही. एकच फूल आरशासारखं उलटवून दुसऱ्या कोपऱ्यात लावताना सावलीकडे बघा, एकीकडे उजेड डावीकडून आणि दुसरीकडे उजवीकडून असेल तर बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं.

अक्षरं खातात ती पानं

माझा समज होता की झेंडूचा भडक केशरी अक्षरांना त्रास देतो. म्हणून मी कॉन्ट्रास्ट मोजणाऱ्या एका साइटवर रंग टाकून बघितले. माझं अक्षर मरून, #6B1A2B. क्रीमवर त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण १०.५ येतो. वेबसाइटसाठीच्या नियमात बारीक मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्याला ३ मागतात, पत्रिकेलाही तो अंदाज धरायला हरकत नाही. झेंडूच्या केशरीवर आला ४.७, म्हणजे काठावर पास. आणि आंब्याच्या पानाच्या हिरव्यावर, #3E6B3A वर, फक्त १.९! रंग इतके वेगळे, एक लाल एक हिरवा, पण दोघंही सारखेच काळपट, आणि डोळा अक्षर ओळखतो ते उजेड-अंधाराच्या फरकावर. आत्याचा ३१ तिथेच गेला होता.

ह्याच कारणाने सोनेरी अक्षरांचा हट्टही महागात पडतो. #C9A227 सारखा सोनेरी क्रीमवर २.२ च्या आसपास येतो. प्रेसमध्ये खरी सोनेरी फॉइल मारली तर ती चमकून दिसते, पण छापलेला किंवा मोबाईलवरचा सोनेरी म्हणजे शेवटी मोहरीसारखा पिवळाच. वधूवरांच्या नावाला सोनेरी हवंच असेल तर तपकिरीकडे झुकवा, #8A6414 घेतला तर ४.९ पर्यंत जातो आणि तरी सोनेरीच वाटतो.

पडदा

फुलांच्या वर आणि मजकुराच्या खाली एक नवीन लेयर घ्या. मजकुराच्या चौकटीएवढं सिलेक्शन करा, `Select > Feather` ला १५० पिक्सेल द्या, आणि त्यात ग्रेडियंटच्या मधला तोच क्रीम भरा. पांढरा भरू नका, पांढरा भरला की पत्रिकेवर कोणीतरी स्टिकर चिकटवलंय असं दिसतं. ओपॅसिटी ८० टक्के. आता तेच आंब्याचं पान पडद्याखालून फिकट पोपटी दिसतं आणि मरूनचा कॉन्ट्रास्ट १.९ वरून ८ च्या जवळ जातो. अक्षराला हात न लावता!

पडद्याची कडा मात्र मजकुराच्या बाहेर पडली पाहिजे. फेदरमुळे कडेला पडदा विरळ होतो, म्हणून सिलेक्शन मजकुरापेक्षा दोन्हीकडून पाऊण सेंटीमीटर तरी मोठं धरा, नाहीतर ओळीची पहिली आणि शेवटची अक्षरं उघड्यावर येतात. पडदा पडल्यावर टेक्स्चरही पुसट होतं, ते नको असेल तर टेक्स्चरचा लेयर पडद्याच्या वर ओढून ठेवा, मी तसंच केलं आणि मग पडदा आहे हे कळेनासं झालं.

आणि अक्षरांना पांढरी आउटलाइन, ग्लो, सावली हे प्रकार नकोत. वेलांटी आणि अनुस्वार जवळजवळ असतात, त्यात आउटलाइन शिरली की "कि" आणि "किं" सारखेच दिसतात.

तपासायचं कसं

पूर्ण चित्राची कॉपी करून ती ब्लॅक अँड व्हाइट करा. कुठलीही ओळ राखाडीत विरघळत असेल तर ती रंगीतमध्येही धोक्यात आहे. मग खऱ्या साइजमध्ये साध्या ए-फोरवर प्रिंट काढा, स्क्रीनवर दोनशे टक्के झूम करून बघितलेलं काही खरं नसतं. प्रेसमध्ये चार रंगांत छपाई होते त्यामुळे केशरी आणि गुलाबी स्क्रीनपेक्षा मंद येतात, पाचशे प्रती छापायच्या आधी एक नमुना मागून घ्या. मी एकदा नाही मागितला आणि झेंडूच्या जागी विटकरी फुलं घरी आली.

व्हॉट्सॲपसाठी तीच फाईल तशीच पाठवू नका. तिथे चित्र दाबलं जातं आणि ग्रेडियंटचे पट्टे परत येतात, शिवाय मोबाईलच्या रुंदीत दहा पॉइंट म्हणजे मुंगी. मोबाईलसाठी वेगळी फाईल करा, मागच्या थरातली फुलं कमी, पडदा ८५-९० टक्के, मजकूर मोठा आणि मुहूर्त नि स्थळ सगळ्यात ठळक, आणि पाठवताना एचडी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरा ड्राफ्ट मी आधी एकट्या आत्यालाच पाठवला, चष्मा काढून वाच म्हटलं. "१२ वाजून ३१," ती म्हणाली, "आणि पिंट्याच्या नावात दीर्घ वेलांटी आहे, तू ऱ्हस्व दिलीयेस."