२५ किलोचं खोकं कुठे लिहायचं?

जॉब अ‍ॅनालिसिस, जॉब डिस्क्रिप्शन आणि जॉब स्पेसिफिकेशन यांच्या व्याख्या एचआरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. तरी बीबीएच्या तोंडी परीक्षेपासून नेटच्या दुसऱ्या पेपरपर्यंत या तिघांवर गुण जातात. कारण प्रश्न व्याख्येचा नसतोच. पेपर काढणारा एक वाक्य पुढे ठेवतो आणि विचारतो, हे यांपैकी कशात मोडेल? तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. एका कामाचा कागद स्वतःच्या हाताने तयार केला असेल, तर ते वाक्य ओळखू येतं. म्हणून मी नव्या मुलांना व्याख्या बाजूला ठेवायला सांगतो आणि एकच काम घेऊन बसवतो. इथेही तेच करू.

काम घेऊ स्टोअरकीपरचं. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा एखादा लहान कारखाना डोळ्यासमोर आणा. तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक स्टोअरकीपर. पट्टीची रीळं, नटबोल्ट, हातमोजे, पॅकिंगची खोकी, सगळं त्याच्या ताब्यात. मालकाने सांगितलंय, आणखी एक माणूस भरायचाय, कागद तयार करा. सहसा इथे जुनी जाहिरात काढून तारीख बदलली जाते. तसं न करता मुळापासून सुरुवात केली, तर पहिली पायरी जॉब अ‍ॅनालिसिसची, म्हणजे माहिती गोळा करून ती तपासण्याची.

आधी हाताशी असलेले कागद बघायचे: स्टोअरकीपर कोणाच्या हाताखाली येतो, कोणत्या नोंदी ठेवतो, माल मागणीची चिठ्ठी कशी असते. मग पहिल्या पाळीत शेजारी उभं राहून काम पाहायचं. गाडी गेटवर येते, चलनाशी माल ताडून पाहिला जातो, माल मिळाल्याची नोंद होते, क्वालिटीवाल्यांनी पास केल्यावर माल रॅकवर जातो. विभागाची चिठ्ठी आली की आधी आलेला माल आधी द्यायचा. एक पाळी पाहिली की वाटतं, काम कळलं.

ते अर्धंच कळलेलं असतं. महिनाअखेरची साठा मोजणी त्या दिवशी होत नाही. नापास माल पुरवठादाराकडे परत पाठवायचा प्रसंग त्या दिवशी येईलच असं नाही. शिवाय कोणी वही घेऊन शेजारी उभं असलं की माणूस जरा जास्तच नियमाने वागतो. म्हणून निरीक्षणाला मुलाखतीची जोड लागते, आणि मुलाखत दोघांची: काम करणाऱ्याची आणि त्याच्या सुपरवायझरची. करणारा आपलं काम थोडं फुगवून सांगतो, सुपरवायझर बारीकसारीक गोष्टी विसरतो. दोघांचं जिथे जुळत नाही, तिथेच खरी माहिती सापडते. या कामात ती रात्रपाळीत सापडते. दिवसा चिठ्ठीवर सही करायला विभागप्रमुख असतो. रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं आणि सुटा भाग हवा असला, तर सही कोण करणार? स्टोअरकीपरच ठरवतो, माल देतो आणि सकाळी सही घेतो. हे कुठल्याच कागदावर नसतं. रात्रपाळीच्या माणसाशी बोलल्याशिवाय ते कळणार नाही.

जमलेलं सगळं पुन्हा त्या दोघांना वाचून दाखवायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं. इथवरचं सगळं जॉब अ‍ॅनालिसिस. ही प्रक्रिया आहे. तिच्या शेवटी हातात येतं ते दोन भागांचं लेखन: एक कामाविषयी, दुसरं माणसाविषयी.

कामाविषयीचा भाग म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन. त्यात पदाचं नाव, कोणाला जबाबदार, दोन ओळींत कामाचा सारांश, मग कर्तव्यं: आलेला माल चलनाशी ताडणं, नोंद करणं, चिठ्ठीनुसार माल देणं, महिनाअखेर साठा मोजून फरक कळवणं. त्यातच अधिकार येतो: रात्रपाळीत तातडीचा सुटा भाग सहीशिवाय देणं आणि सकाळी मंजुरी घेणं. त्यातच परिस्थितीही येते: तीन पाळ्या, शेडमधला उकाडा, यंत्रांचा आवाज. आणि हे वाक्यही तिथलंच: ‘२५ किलोपर्यंतची खोकी उचलून रॅकवर लावावी लागतात.’

माणसाविषयीचा भाग म्हणजे जॉब स्पेसिफिकेशन. हे काम नीट करायला माणसात किमान काय हवं ते इथे. बारावी पास, स्टोअरमधला थोडा अनुभव, संगणकावर नोंदी करता येणं, चलनावरचे पार्ट नंबर न चुकता वाचता येणं, एकट्याने निर्णय घेण्याची धमक, पाळीत काम करण्याची तयारी. आणि हे वाक्य: ‘२५ किलोपर्यंतचं वजन उचलण्याची शारीरिक क्षमता.’

खोक्याची दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. वजन तेच, खोकं तेच. पहिल्याचा विषय काम आहे, दुसऱ्याचा विषय माणूस आहे. पेपर काढणारा नेमकं इथेच बोट ठेवतो. ‘कामाच्या ठिकाणी सतत आवाज असतो’ हे डिस्क्रिप्शन, ‘आवाजात लक्ष एकाग्र ठेवता येणं’ हे स्पेसिफिकेशन. शंका आली की वाक्यातून माणूस काढून टाका. पद रिकामं असताना, तिथे अजून कोणीही नेमलेलं नसतानाही ते वाक्य खरं राहतं का? शेडमध्ये आवाज असतोच, खोकी २५ किलोची असतातच. मग ते डिस्क्रिप्शन. माणूस काढल्यावर वाक्यच उरत नसेल, तर ते स्पेसिफिकेशन. ही कसोटी फार क्वचित दगा देते.

स्पेसिफिकेशनमधली प्रत्येक अट डिस्क्रिप्शनमधल्या कुठल्या ना कुठल्या ओळीवर उभी असायला हवी, हेही त्यातून कळतं. एकट्याने निर्णय घेण्याची अट रात्रपाळीच्या अधिकारातून आली. मग ‘पदवीधर असावा’ ही अट कुठल्या ओळीतून आली? या कामात तरी मला ती ओळ सापडत नाही. ती जुन्या जाहिरातीतून आलेली असते. अशी अट ठेवली की चांगला बारावी पास माणूस दारातूनच परत जातो आणि पदवीधर काही महिन्यांत दुसरी नोकरी धरतो. पुस्तकात स्पेसिफिकेशन हे डिस्क्रिप्शनवरून तयार होतं असं म्हणतात, त्याचा अर्थ हाच. क्रम लावायचा प्रश्न आला तर अ‍ॅनालिसिस, मग डिस्क्रिप्शन, मग स्पेसिफिकेशन.

नोकरी करता करता परीक्षा देणाऱ्यांचा गोंधळ वेगळाच असतो. ऑफिसात सगळ्याच कागदाला ‘जेडी’ म्हणतात. कन्सल्टंट म्हणतो, जेडी पाठवा. आपण जो कागद पाठवतो त्यात वर कर्तव्यं आणि खाली शिक्षण, अनुभव, वयसुद्धा. व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. पण पेपरात ‘पात्रता आणि अनुभव कशात नमूद असतात?’ असं विचारलं की हात आपोआप डिस्क्रिप्शनकडे जातो. पेपर पुस्तकाच्या भाषेत बोलतो, ऑफिसच्या नाही. पात्रता दिसली की स्पेसिफिकेशन. जाहिरातीत मात्र दोन्हींतला थोडा थोडा मजकूर असतो, त्यामुळे जाहिरात म्हणजे डिस्क्रिप्शन असा पर्याय दिसला तर तो सोडा. ‘मॅन स्पेसिफिकेशन’ किंवा ‘एम्प्लॉयी स्पेसिफिकेशन’ ही नावं दिसली तरी दचकू नका, तोच कागद आहे.

चौथा एक पाहुणा या तिघांच्या रांगेत हटकून येऊन बसतो: जॉब इव्हॅल्युएशन. अ‍ॅनालिसिस आणि इव्हॅल्युएशन हे दोन पर्याय शेजारी दिसले की घाईत बोट सरकतं. इव्हॅल्युएशनमध्ये कामाचं सापेक्ष मोल ठरतं: या कारखान्यात स्टोअरकीपरचं काम मशीन ऑपरेटरच्या कामापेक्षा वरचं की खालचं, म्हणजे पगाराची उतरंड. क्रमवारी, वर्गवारी, गुणपद्धती, घटक तुलना या शब्दांपैकी काही दिसलं तर प्रश्न इव्हॅल्युएशनचा. निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली, रोजची डायरी दिसली तर अ‍ॅनालिसिसचा. आणि अमुक माणूस काम कसं करतो हे विचारलं असेल तर दोन्ही नाहीत, ते परफॉर्मन्स अप्रेझल. अ‍ॅनालिसिसमध्ये माणसाशी बोलतो, त्याला पाहतो, पण तपासतो ते काम. आपला स्टोअरकीपर आळशी आहे का, हा तिथला प्रश्नच नाही.

जोड्या लावा प्रकारात अ‍ॅनालिसिसच्या पद्धती नावांसह येतात. त्यांतल्या दोन लक्षात ठेवल्या तरी बराच भाग निघतो. क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक जॉन फ्लॅनागन यांचं. त्यांचा लेख १९५४ मधला, पण पद्धतीची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई दलाच्या मानसशास्त्रीय कामात आहेत. काम विशेष चांगलं किंवा विशेष वाईट झालं असे प्रत्यक्ष प्रसंग त्यात गोळा करतात. रात्री दोनचा सुटा भाग हा तसाच प्रसंग. दुसरी पद्धत पोझिशन अ‍ॅनालिसिस क्वेश्चनेअर, अर्नेस्ट मॅककॉर्मिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, पर्ड्यू विद्यापीठातली. तिच्यात १९४ बाबी असतात. कुठल्याही दोन कामांची एकाच मोजपट्टीने तुलना करता यावी म्हणून ती तयार केली. चाकणच्या एका स्टोअरसाठी ती कोणी भरत बसणार नाही, पण पेपरात ती येते.

आता तीन वाक्यं देतो, तुम्ही ओळखा. ‘साठ्यातला फरक लेखा विभागाला कळवणे.’ ‘आकडेमोडीत अचूकता.’ ‘पाळीच्या सुरुवातीला आधीच्या पाळीच्या स्टोअरकीपरशी बोलून अपूर्ण नोंदींची यादी करण्यात आली.’ पहिलं डिस्क्रिप्शन, दुसरं स्पेसिफिकेशन, यावर फारसं दुमत होत नाही. तिसऱ्यावर वर्गात हमखास दोन गट पडतात. यादी कोणी केली, ते पाहा. स्टोअरकीपरने केली असेल तर ते त्याचं कर्तव्य, आणि ते ‘करण्यात आली’ असं न लिहिता ‘करणे’ असं लिहून डिस्क्रिप्शनमध्ये जाईल. वही घेऊन उभ्या असलेल्या एचआरवाल्याने माहिती म्हणून केली असेल तर ती अ‍ॅनालिसिसची पायरी. वाक्यात कर्ता नाही, म्हणून ते संदिग्ध आहे. नीट काढलेल्या पेपरात असं वाक्य येऊ नये; आलं, तर मागचंपुढचं वाक्य वाचून कर्ता शोधायचा.

आणखी एक प्रश्न जाता जाता. तीन पाळ्यांत तीन स्टोअरकीपर आहेत आणि आता चौथा भरतोय. जॉब किती, पोझिशन किती? जॉब एक, पोझिशन चार. पोझिशन माणसागणिक मोजतात, एक जागा रिकामी असली तरी ती मोजली जाते. डिस्क्रिप्शन मात्र चौघांसाठी एकच लिहायचं, अर्थात रात्रपाळीची ती अधिकाराची ओळ चौघांनाही लागू होत असेल तरच. पाळ्या आळीपाळीने फिरत असतील तर होते. एकच माणूस कायमचा रात्रपाळीला असेल आणि त्याच्या कामात असे निर्णय रोजचे असतील, तर तो दुसरा जॉब धरायचा का, हे ठरवायला पुन्हा वही घेऊन रात्री स्टोअरमध्ये उभं राहावं लागेल.