टक्के बघून कुरिअर निवडताय? या चुका टाळा

नागपूर, अमरावती, यवतमाळहून खेड्यापाड्यांत माल पाठवणाऱ्यांच्या एक्सेल शीटा पाहिल्या की तोच तो गोंधळ दिसतो. एका रकान्यात पिनकोड, पुढे प्रत्येक कुरिअरचा 'डिलिव्हरी टक्का', आणि ज्याचा टक्का मोठा त्याला त्या पिनकोडचं सगळं पार्सल. दिसायला शास्त्रशुद्ध, पण टक्का कशातून आला हे कुणी तपासत नाही. मग दोन महिन्यांनी 'डेटा वापरूनही रिटर्न कमी होत नाहीत' अशी ओरड.

सीओडी आणि प्रीपेड एकत्र मोजणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा पांढरकवड्याच्या ४४५३०२ या पिनकोडवर दोन कुरिअर आहेत, त्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. 'क'ला ४० पार्सलं दिली, ३५ पोचली, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. 'ख'लाही ४० दिली, ३२ पोचली, म्हणजे ऐंशी टक्के. शीट सांगते 'क' चांगला, आणि सगळा माल 'क'कडे जातो.

आता तीच पार्सलं फोडून बघा. 'क'च्या ४० मध्ये ३० प्रीपेड होती, त्यातली २९ पोचली. सीओडी होती १० आणि पोचली फक्त ६. 'ख'च्या वाट्याला प्रीपेड आली ८, ती आठही पोचली. सीओडी होती ३२, त्यातली २४ पोचली. म्हणजे सीओडीत 'क' साठ टक्के आणि 'ख' पंच्याहत्तर. प्रीपेडमध्येही 'ख' मागे नाही. 'क'चा एकूण टक्का मोठा दिसला तो त्याला सोपी पार्सलं जास्त मिळाली म्हणून. पैसे आधी भरलेला माणूस पार्सलची वाट बघत असतो. सीओडीवाल्याचा विचार दारात पार्सल येईपर्यंत बदलू शकतो. त्याचा दोष किंवा श्रेय कुरिअरला देऊन चालत नाही.

इथेच दुसरी घाई होते, ती दराची. 'क' जाण्याचे ६० रुपये घेतो आणि परतीचे ५०, 'ख' ७५ आणि ६०, म्हणून लोक डोळे झाकून 'क' घेतात. सीओडीची १०० पार्सलं धरा. 'क'चे जाण्याचे ६,०००, परत आलेल्या ४० चे २,०००, एकूण ८,०००, आणि पोचली ६०. म्हणजे पोचलेल्या दर पार्सलमागे साधारण १३३ रुपये. 'ख'चे ७,५०० अधिक परतीच्या २५ चे १,५००, एकूण ९,०००, पोचली ७५; दर पार्सलमागे १२० रुपये. हा हिशेब दहा मिनिटांत होतो, तरी करत कुणी नाही. परतीच्या प्रवासात फुटलेली लोणच्याची बरणी यात धरलेलीच नाही.

तीनपैकी तीन म्हणजे शंभर टक्के

खेड्याच्या पिनकोडवर महिन्याला चार-दोन पार्सलं जातात. तीन पाठवली, तीन पोचली, की शीट त्या कुरिअरला पहिला नंबर देते. चौथं परत आलं की तोच कुरिअर तळाला. दर आठवड्याला कुरिअर बदलणारे याच फेऱ्यात अडकलेले असतात.

यावर सरळ उपाय आहे. प्रत्येक पिनकोडच्या आकड्यात त्याच कुरिअरची, त्याच जिल्ह्यातली सरासरी दहा पार्सलांच्या वजनाने मिसळायची. शीटमध्ये E म्हणजे पाठवलेली, F म्हणजे पोचलेली, H म्हणजे जिल्ह्याची सरासरी:

```
=(F2+10*H2)/(E2+10)
```

जिल्ह्याची सरासरी दोघांचीही ०.७२ धरली, तर तीनपैकी तीनवाल्याला मिळतात साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के. पन्नासपैकी एकेचाळीस पोचवणाऱ्याला मिळतात ऐंशीच्या किंचित वर, आणि तो पुढे जातो. जायलाच हवा. दहाच का? आठ घ्या, बारा घ्या, फार फरक पडत नाही. मात्र ही मिसळ सीओडी आणि प्रीपेडसाठी वेगवेगळीच करायची.

कालची पार्सलं आज मोजणे

पोचणारं पार्सल चार-सहा दिवसांत पोचतं. परत येणारं तीन फेऱ्या मारून, हबवर पडून राहून, दोन-तीन आठवड्यांनी 'रिटर्न' म्हणून दिसतं. त्यामुळे या महिन्याचा टक्का नेहमीच गोड दिसतो, आणि रिटर्न रखडवणारा कुरिअर सर्वांत गोड. पाठवून तीस दिवस झालेलीच पार्सलं मोजा आणि तोवर न पोचलेलं प्रत्येक पार्सल फसलं असं धरा. अडकलेलं 'ट्रान्झिटमध्ये' म्हणून सोडून देणं ही स्वतःचीच फसवणूक.

शेरा खरा मानणे

'ग्राहक उपलब्ध नाही', 'फोन लागला नाही', 'घेण्यास नकार'. हे शेरे वाचून लोक ग्राहकाला काळ्या यादीत टाकतात. आधी शेऱ्याची वेळ बघा. एकाच पिनकोडची आठ-नऊ पार्सलं, वेगवेगळ्या गावांची, आणि सगळ्यांवर 'उपलब्ध नाही' हा शेरा संध्याकाळी सात चाळीस ते सात चव्वेचाळीसमध्ये? चार मिनिटांत नऊ गावं कुणी फिरत नाही. ते शेरे ऑफिसात बसून मारलेले असतात. त्या दिवशी सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी'चं स्कॅनच नसेल तर संशयही उरत नाही. असे शेरे वेगळे मोजा. ते कुरिअरच्या खात्यावर लिहायचे.

अर्थात काही शेरे खरे असतात. जूनमध्ये पेरणीला आणि पुढे कापूस वेचणीला घर दिवसभर कुलूपबंद असतं. त्या दिवसांत ग्राहकाला फोन करून आठवडी बाजाराचा दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी तालुक्याच्या गावी पार्सल घ्यायला सांगा. बाजाराला माणूस येणारच असतो. दुसरा मोबाइल नंबर ऑर्डर घेतानाच मागा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'क' सोडून 'ख' धरला तरी रिटर्न तेवढेच, असं झालं तर ग्राहकाला आलेल्या डिलिव्हरीच्या मेसेजमधला मोबाइल नंबर दोन्हीकडे जुळवून बघा. तालुक्याच्या गावी अनेकदा एकच फ्रँचायझीवाला दोन-तीन कंपन्यांची पार्सलं वाटतो. नंबर एकच निघाला तर तुम्ही फक्त लेबल बदललंय. अशा पिनकोडवर स्पीड पोस्ट घेऊन बघावी, कारण पोस्टमन वेगळा असतो आणि गाव त्याच्या ओळखीचं असतं.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

पिनकोड म्हणजे एक ठिकाण नव्हे. धारणीच्या ४४४७०२ मध्ये बाजारपेठही आहे आणि मेळघाटातली आतली गावंही. पत्त्यातल्या गावासाठी वेगळा रकाना ठेवा.

कुरिअरने दिलेली 'सेवा उपलब्ध' यादी म्हणजे बुकिंग घेतो एवढाच अर्थ. ती दारापर्यंत जातो याची हमी नाही.

भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. त्या दिवसांचे रिटर्न कुठल्याच कुरिअरच्या नावावर लावू नका, आणि उन्हाळ्याच्या आकड्यांवर पावसाळ्याची वाटणी ठरवू नका.

पहिल्या नंबरच्या कुरिअरला शंभर टक्के माल देणंही चूकच. दुसऱ्याचे नवे आकडे येणं थांबतं आणि तो सुधारला तरी कळत नाही. दर दहा पार्सलांतलं एक दुसऱ्याला द्यावं, तेही ओळीतलं दहावं, मग ते कोणाचंही असो. स्वतः निवडून द्याल तर नेमकं सोपं, जवळच्या गावचं प्रीपेड पार्सल त्याला जाईल.