७२ चा नियम लावताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्या मामांच्या वह्या मी लिहितो. सुताच्या खरेदीसाठी त्यांनी ओळखीतल्या एकाकडून एक लाख उचलले, दर शेकडा तीन, म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. ७२ ला वर्षाच्या टक्केवारीने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते अंदाजे कळतं, हाच ७२ चा नियम. वहीच्या मागच्या पानावर मामांनी महिन्याचे तीन बारापट करून ७२ ला ३६ ने भागलं होतं.

"दोन वर्षांत दुप्पट होतंय की ओ," मामा म्हणाले.

"मामा, या एका कर्जाची तीन उत्तरं निघतात. तुमचं उत्तर त्यातल्या एकाच्याच जवळ आहे."

आधी नियम कुठे चोख चालतो ते बघू. पोस्टाच्या किसान विकास पत्राला एप्रिल २०२३ पासून ७.५ टक्के दर लागला आणि दुप्पट व्हायची मुदत ११५ महिने ठरली. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, अर्थात ११५.२ महिने. लॉगॅरिदमने नेमकं काढलं तर ११५.०१ महिने येतात. साडेनऊ वर्षांत फरक जेमतेम सहा दिवसांचा! वर्षाला एकदा व्याज मुदलात मिळवलं जातं आणि दर आठच्या आसपास आहे, तिथे ७२ असाच बसतो. आठ टक्क्यांना नियम ९ वर्षं सांगतो, खरं उत्तर ९.००६.

चूक पहिली: चढ्या दरालाही ७२ च धरणं. नेमकं सूत्र असं आहे:

```
ln(2) / ln(1 + r/100)
```

यात r म्हणजे टक्क्यांतला दर. ln(2) म्हणजे ०.६९३, म्हणून दर अगदी बारीक असेल तर भाज्य ६९.३ च हवा. दर वाढतो तसा ln(1 + r/100) त्याच्या मागे पडत जातो आणि भाज्य वाढवावा लागतो. आठच्या जवळ तो ७२ होतो, २४ टक्क्यांना ७७ च्या वर जातो. तोंडी हिशेबाला सोपी दुरुस्ती अशी: आठच्या वर प्रत्येक तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवा. ३६ साठी २८ भागिले ३ म्हणजे सव्वानऊच्या थोडं वर, म्हणून भाज्य ८१.३ आणि उत्तर २.२६ वर्षं. नेमकं उत्तर २.२५. म्हणजे दोन वर्षं नव्हे, सत्तावीस महिने.

विश्वास बसत नसेल तर लॉग सोडा, साधा गुणाकार करा. मामांसमोर मी तोच केला. लाखाचे वर्षअखेर १,३६,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १,८४,९६०. दुपटीला पंधरा हजार कमीच.

चूक दुसरी: महिन्याचा दर बारापट करून वर्षाचा समजणं. वरचा हिशेब व्याज वर्षाला एकदा चढत असेल तर. दर महिन्याला चढत असेल, तर ३ टक्के हाच दर आणि महिना हेच एकक. मग ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने, नेमके २३.४५. मजा बघा, भागाकार महिन्याने करा किंवा वर्षाने, नियम दोन्हीकडे दोनच वर्षं सांगतो. खरी उत्तरं मात्र साडेतेवीस आणि सत्तावीस महिने अशी दोन बाजूंना पडतात. म्हणून व्याज किती दिवसांनी मुदलात चढतं हे आधी विचारायचं, भागाकार नंतर.

चूक तिसरी, आणि मामांची खरी चूक: सरळ व्याजाला ७२ लावणं. हा नियम फक्त चक्रवाढीचा. सरळ व्याजाला शंभरच भागायचे: १०० भागिले ३, म्हणजे ३३ महिने आणि वर दहा दिवस.

"महिन्याचं व्याज तुम्ही देता की मुदलात चढतं?" मी विचारलं.

"दर एक तारखेला तीन हजार हातात देतो की."

मग दुप्पट काहीच होत नाही. मुदल लाखाचं लाखच राहतं. ३३ महिने दहा दिवसांत फक्त एवढंच होतं, की दिलेल्या व्याजाची बेरीज मुदलाएवढी होते आणि लाख अजून द्यायचेच असतात. वहीत ही रक्कम व्याजखर्चात जाते, येणं-देण्याच्या पानावर मुदल हलत नाही.

फोनवर ताळा घेताना उत्तर विचित्र आलं तर दोन ठिकाणी बघा. बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा केला की ln आणि log ही दोन्ही बटणं दिसतात. दोन्ही ठिकाणी एकच बटण वापरलं तर कुठलंही चालतं. वर ln आणि खाली log दाबलं, की ३६ टक्क्यांना ५.१९ वर्षं येतात. उत्तर उणे आलं, तर 1.36 ऐवजी 0.36 दाबलं गेलंय.

मामांनी मागच्या पानावरचा २ खोडून ३३ लिहिला, आणि पुढच्या एक तारखेला तीन हजारांसोबत मुदलातलेही दहा हजार देता येतील का, हे बघायला गल्ला उघडला.